एका दाढेचं अंदाजपत्रक: रूट कॅनाल, कॅप आणि पुढची दोन वर्षं

नाशिकमधल्या एका पतसंस्थेत काम करणाऱ्या ४४ वर्षांच्या बाई. खालच्या उजव्या बाजूची पहिली मोठी दाढ, दंतवैद्यांच्या नोंदीत क्रमांक ४६. पंधरा वर्षांपूर्वी तिच्यात चांदी भरली होती. दिवाळीच्या सुमारास रात्री ठणका लागायचा, गरम चहा लागला की सळक कानापर्यंत जायची. आठवडाभर पेनकिलरवर काढले आणि मग दुखणं आपोआप थांबलं. बाईंना वाटलं, मिटलं. महिन्याभराने त्या बाजूने भाकरी चावताना दाढ दुखायला लागली.

दुखणं असं मध्येच थांबणं ही सुधारणेची खूण नव्हती. आतली नस मेली म्हणून ठणका गेला होता. तपासणीत दाढेवर बर्फासारखा गार बोळा ठेवला तर काहीच जाणवलं नाही, पण आरशाच्या दांडीने हलकं ठोकलं की दुखलं. एक्स-रेमध्ये चांदीखाली कीड आणि मागच्या मुळाच्या टोकाशी साधारण ४ मिलिमीटरचा काळा डाग दिसला. हा डाग म्हणजे मेलेल्या नसेतले जंतू मुळातून बाहेर पडून हाड खायला लागल्याची खूण. खर्चाच्या दृष्टीने एक्स-रेतली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची होती. नस जिवंत असताना केलेलं रूट कॅनाल आणि डाग पडल्यावर केलेलं रूट कॅनाल यांची फी बहुतेक ठिकाणी सारखीच असते, पण ते पुन्हा करावं लागण्याची शक्यता सारखी नसते.

दोन आकडे, जे एकमेकांशी जुळत नाहीत

बाईंनी दोन ठिकाणी विचारलं. घराजवळच्या दवाखान्यात सांगितलं, "रूट कॅनाल ४,५००, कॅप ३,५०० पासून." दुसरीकडे, जिथे फक्त रूट कॅनाल करणारे तज्ज्ञ बसतात, तिथे कागदावर लिहून मिळालं: रूट कॅनाल ८,०००, बिल्ड-अप १,५००, झिर्कोनियाची कॅप ९,०००. एकीकडे ८,०००, दुसरीकडे १८,५००. घरी चर्चा झाली ती या साडेदहा हजारांच्या फरकावर, आणि ती निरर्थक होती, कारण दोन्ही आकडे एकाच कामाचे नव्हते.

पहिल्या दवाखान्यात बाई पुन्हा गेल्या आणि एकेक बाब विचारली. एक्स-रे वेगळे, प्रत्येकी २००, आणि एका दाढेला सुरुवातीचा, मोजमापाचा, भरल्यानंतरचा आणि कॅप बसवल्यानंतरचा असे चार तरी लागतात. बिल्ड-अप, म्हणजे कीड आणि जुनी चांदी काढल्यावर उरलेल्या पोकळीत कॅपला आधार म्हणून भरायचं पक्कं सिमेंट, १,२०० वेगळे. कायमची कॅप लॅबमधून येईपर्यंतची तात्पुरती कॅप ५००. "३,५०० पासून" हा दर धातूवर चिनीमातीचा थर असलेल्या कॅपचा. झिर्कोनिया हवी तर ७,०००. दुसरीकडे एक्स-रे आणि तात्पुरती कॅप फीमध्येच धरली होती. औषधं दोन्हीकडे साधारण ४०० ची.

| बाब | पहिला दवाखाना | दुसरा दवाखाना |
|---|---|---|
| रूट कॅनाल | ४,५०० | ८,००० |
| चार एक्स-रे | ८०० | फीमध्ये |
| बिल्ड-अप | १,२०० | १,५०० |
| तात्पुरती कॅप | ५०० | फीमध्ये |
| झिर्कोनिया कॅप | ७,००० | ९,००० |
| औषधं | ४०० | ४०० |
| एकूण | १४,४०० | १८,९०० |

साडेदहा हजारांचा फरक साडेचार हजारांवर आला. हे दर या एका प्रकरणातले आहेत. मुंबईत जास्त, तालुक्याच्या गावी कमी असतील. पण बाबींची यादी सगळीकडे हीच राहते, आणि तोंडी सांगितलेल्या आकड्यातून नेमक्या एक्स-रे, बिल्ड-अप आणि तात्पुरती कॅप याच तीन गोष्टी गळतात. उपचारांवर जी.एस.टी. लागत नाही, त्यामुळे कोणी वर कर लावून सांगत असेल तर विचारावं. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये अपघात सोडून दातांचे उपचार बहुधा बसत नाहीत. बाहेरच्या बाहेर होणाऱ्या उपचारांचं वेगळं कलम पॉलिसीत असेल तरच पैसे मिळण्याची आशा, आणि त्यासाठी दाढेचा क्रमांक आणि प्रत्येक बाब वेगळी लिहिलेली पावती लागते. बाईंच्या पॉलिसीत ते कलम नव्हतं.

कॅपवर किती वाचवायचं आणि कशात वाचवायचं नाही

बाईंचा पहिला प्रश्न होता की कॅप बसवलीच नाही तर? नुसतं भरून घेतलं तर नऊ हजार वाचतात.

रूट कॅनालसाठी दाढेच्या माथ्यावर छिद्र पाडावं लागतं. या दाढेत जुन्या चांदीने आधीच बाजूची भिंत खाल्ली होती. राहिलेल्या दाढेला मधला आधार नसतो, आणि चावताना तिच्या कडांवर पाचर ठोकल्यासारखा बाहेरच्या दिशेने जोर पडतो. एखाद दिवशी सुपारीचं खांड किंवा डाळीतला खडा दाताखाली येतो आणि एक कड उभी चिरते. चीर हिरडीच्या वर थांबली तर नशीब. मुळात उतरली तर दाढ काढण्याशिवाय इलाज नाही. रूट कॅनाल झालेल्या दातांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅप नसलेले दात कॅप असलेल्यांच्या सहापट प्रमाणात गमावले गेल्याचं आढळलं होतं. पुढच्या दातांना हा नियम तितका लागू नाही, पण मागच्या दाढेची कॅप टाळणं म्हणजे आठ हजार घालून केलेलं काम उघड्यावर ठेवणं.

"दोन-तीन महिने बघू, दुखलं नाही तर कॅप करू" हाही महागात पडणारा विचार आहे. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांत झिजतं, कडेने लाळ झिरपते आणि लाळेबरोबर जंतू पुन्हा मुळापर्यंत पोचतात. दुखत काही नाही, कारण दुखायला नस उरलेलीच नसते. रूट कॅनाल भरलं की लगेच पक्कं बिल्ड-अप आणि महिन्याभरात कॅप, हे वेळापत्रक म्हणूनच आहे.

बचत करायला जागा आहे ती कॅपच्या प्रकारात. झिर्कोनिया दिसायला दातासारखी असते, आणि हसताना दिसणाऱ्या दातांसाठी तिचे जास्तीचे पैसे देण्यात अर्थ आहे. खालची मागची दाढ कोणाला दिसत नाही. तिथे धातूवर चिनीमाती असलेली कॅप नीट बसवली तर वर्षानुवर्षं काम देते. संपूर्ण धातूची कॅप तर दाढ कमी घासून बसते आणि सगळ्यात स्वस्त पडते. झिर्कोनियाबरोबर येणारं दहा-पंधरा वर्षांचं वॉरंटी कार्डही वाचून घ्यावं. ते लॅबच्या मालाचं असतं. कॅप तडकली तर नवी मिळते. आत कीड लागली, मुळाशी पस झाला किंवा पुन्हा उपचारासाठी कॅपला भोक पाडावं लागलं तर बहुधा नाही.

दुसऱ्या दवाखान्यात धातू-चिनीमातीची कॅप ४,५०० ला होती. ती घेतली तर तिथला एकूण खर्च १८,९०० वरून १४,४०० वर येत होता, म्हणजे पहिल्या दवाखान्यातल्या झिर्कोनियासकटच्या खर्चाइतकाच. तेवढ्याच पैशांत जास्तीचा वाटा मुळातल्या कामावर घालायचा की कॅपच्या रंगावर, असा खरा प्रश्न होता. पहिल्या दवाखान्यातही साधी कॅप घेतली असती तर खर्च १०,९०० झाला असता, म्हणजे फरक ३,५०० चा.

जाण्यायेण्याचे पैसे

या दाढेला चार खेपा धरल्या होत्या. पहिल्या खेपेला दाढ भूल देऊन उघडायची, कीड काढायची, मुळांतले कॅनाल, म्हणजे नसेच्या बारीक नळ्या, साफ करून आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध भरायचं. डाग असल्यामुळे दहा-पंधरा दिवस ते औषध आत राहू द्यायचं ठरलं. दुसऱ्या खेपेला कॅनाल गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने कायमचे भरून बिल्ड-अप. तिसरीला दाढ घासून माप, चौथीला कॅप. नंतर सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे काढून डाग भरतोय का हे पाहणं.

रिक्षाचे जाऊन-येऊन २०० धरले तर चार खेपांचे ८००. पुढच्या तपासण्या फीमध्ये नव्हत्या: तपासणी ३००, एक्स-रे २००, रिक्षा २००, म्हणजे एका वेळेचे ७०० आणि दोन्हीचे १,४००. अशा २,२०० ची भर घातली की दुसऱ्या दवाखान्याचा ठोक खर्च १६,६०० होतो. बाईंना किरकोळ रजा होती, त्यामुळे अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाणार नव्हता. रोजंदारीवर काम करणाऱ्याला प्रत्येक खेपेचा बुडालेला रोज यात धरावा लागेल. मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात फी फारच कमी पडते, पण तिथे विद्यार्थी प्रत्येक पायरी शिक्षकांना दाखवून पुढे जातात आणि खेपा वाढतात. ज्याच्या खेपेची किंमत कमी, त्याला तो मार्ग खरोखर परवडतो.

पुन्हा करावं लागलं तर

डाग असलेल्या दाढेचं रूट कॅनाल पहिल्याच वेळी कायमचं बसेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. या दाढेसाठी १०० पैकी १५ वेळा पुन्हा उपचार लागेल असं धरलं. काम कसं होतं त्यावर हा आकडा १० ते २५ च्या दरम्यान हलतो, आणि डाग नसता तर तो आणखी खाली आला असता.

पुन्हा उपचार पहिल्यापेक्षा महाग असतात, कारण आधी झालेलं काम उकरावं लागतं. कॅपमधून भोक पाडायचं किंवा कॅप कापून काढायची, भरलेला गटापर्चा द्रावकाने मऊ करून फाइल या बारीक कानशीने खरवडून बाहेर काढायचा, राहून गेलेला कॅनाल शोधायचा आणि मग सगळं नव्याने. शोधण्यासाठी बहुधा त्रिमितीय स्कॅन लागतो, तो २,००० चा. पुन्हा करायच्या रूट कॅनालची फी १०,०००. जुनी कॅप शाबूत राहिली तर तिचं भोक बुजवायला १,००० पुरतात. नाही राहिली तर बिल्ड-अप आणि नवी कॅप मिळून ६,०००. तीन खेपांचे ६०० आणि पुढच्या तपासण्यांचे १,४०० धरले तर खर्च १५,००० ते २०,००० च्या दरम्यान जातो. मधला आकडा १७,५००.

शिवाय १५ मधल्या साधारण चार दाढा पुन्हा उपचार करूनही वाचत नाहीत असं धरलं. मग दाढ काढायला २,००० आणि तिथे इम्प्लांटवर दात बसवायला ४०,०००, मिळून ४२,०००.

आता सरासरी काढता येते. १७,५०० चे १५ टक्के २,६२५ आणि ४२,००० चे ४ टक्के १,६८०. मिळून साधारण ४,३०० रुपये. ठोक खर्चात ते मिळवले की या दाढेची खरी किंमत जवळपास २०,९०० येते.

पण हे ४,३०० प्रत्यक्षात कोणीच भरत नाही. १०० पैकी ८५ जणांना काहीच भरावं लागत नाही आणि उरलेल्यांना एकदम पंधरा-वीस हजार काढावे लागतात. म्हणून सरासरीचा आकडा दोन दवाखान्यांची तुलना करायला वापरावा, आणि बाजूला ठेवायची रक्कम मात्र वीस हजारांचीच समजावी. ती आज लागत नाही. लागलीच तर पहिल्या दोन-चार वर्षांत लागण्याची शक्यता जास्त.

तुलना अशी होते. एक अपयश सरासरी २८,७०० ला पडतं, कारण ४,३०० ला १५ टक्क्यांनी भागलं की तेच येतं. दुसऱ्या दवाखान्यात ३,५०० जास्त द्यायचे, तर पहिल्या दवाखान्यात अपयश निदान १२ टक्क्यांनी जास्त असायला हवं, म्हणजे १५ च्या जागी २७. नुसत्या "तज्ज्ञ" या पाटीने इतका फरक पडतो असं मानायला आधार नाही. मग पाहायचं काय?

तो रबराचा पडदा

बाईंनी दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला: "दाढेवर रबर डॅम लावता का?" रबर डॅम म्हणजे हिरवा किंवा निळा पातळ रबराचा चौकोन. त्याला भोक पाडून फक्त ती दाढ वर काढतात आणि चिमट्याने पकडतात. बाकीचं तोंड पडद्याखाली राहतं. त्याचा खर्च फीच्या मानाने किरकोळ असतो. पण कॅनाल साफ होतो तो फाइलने कमी आणि सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने जास्त. फाइल वाट मोकळी करते; आडव्या-तिडव्या फटींतला मेलेला भाग विरघळवण्याचं आणि जंतू मारण्याचं काम त्या द्रावणाचं. ते घशात गेलं तर भाजतं, म्हणून पडदा नसेल तर दंतवैद्य ते पातळ आणि थोडंच वापरतात. शिवाय पडद्याशिवाय लाळ सतत आत झिरपत राहते. म्हणून या एका प्रश्नाच्या उत्तरावरून आत काय होणार आहे याचा बराच अंदाज येतो.

पहिल्या दवाखान्यात उत्तर मिळालं की कापसाचे बोळे पुरतात. आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली: ४,५०० ही फी तीन कॅनालची, चौथा निघाला तर १,००० जास्त. खालच्या पहिल्या दाढेत साधारणपणे पुढच्या मुळात दोन आणि मागच्यात एक कॅनाल असतो, पण मागच्यात दोन निघणं अजिबात विरळ नाही. चौथा कॅनाल शोधायला वेळ लागतो, आणि न शोधता राहिला तर त्यातले जंतू तसेच राहतात. पुन्हा कराव्या लागणाऱ्या दाढांमध्ये राहून गेलेला कॅनाल हे नेहमीचं कारण असतं. दुसरीकडे पडदा होता, सूक्ष्मदर्शक होता आणि फी दाढेची होती, कॅनालची नव्हती. बाईंनी दुसरा दवाखाना आणि साधी कॅप निवडली.

प्रत्यक्षात काय झालं

मागच्या मुळात खरोखरच दुसरा कॅनाल निघाला. पहिल्या दवाखान्यात गेल्या असत्या तर फरक ३,५०० चा नाही, २,५०० चाच उरला असता.

भरल्यानंतर दोन दिवस चावताना दुखलं, तिसऱ्या दिवशी थांबलं. इतकं दुखणं अपेक्षित असतं. कॅप बसवल्यावर आठवड्याने मात्र त्या बाजूने चावताना पुन्हा दुखायला लागलं आणि बाईंचा धीर सुटला. दंतवैद्यांनी निळा कागद दाताखाली ठेवून चावायला लावलं. कॅपच्या एका टोकाशी गडद ठिपका उठला. तेवढी जागा उंच होती. ती घासून गुळगुळीत केली, दुखणं दोन दिवसांत गेलं. याची फी घेतली नाही. रिक्षाचे २०० गेले.

सहा महिन्यांच्या एक्स-रेमध्ये डाग जसाच्या तसा दिसला, ४ मिलिमीटर. इथेच सगळ्यात मोठा अनावश्यक खर्च होता होता टळला. बाईंनी आणखी एका ठिकाणी मत घेतलं, त्याचे ५०० आणि रिक्षाचे २०० लागले. तिथे सांगण्यात आलं की डाग कमी झाला नाही म्हणजे काम फसलं, लगेच पुन्हा करा. पण हाड भरायला वेळ लागतो. डाग दिसेनासा व्हायला वर्ष, कधी तीन-चार वर्षंही लागतात. सहा महिन्यांत तो वाढला नाही, हिरडीवर पसाचा फोड नाही, ठोकल्यावर दुखत नाही, चावताना दुखत नाही, अशा वेळी थांबणं बरोबर असतं. डाग वाढला असता किंवा मुळाजवळच्या हिरडीवर पुन्हा पुन्हा फुटणारी पुटकुळी आली असती, तर थांबायला नको होतं. हिरडीत एकाच जागी तपासणीची सुई खोल उतरत असेल तर तेही पाहावं लागतं, कारण ती मुळाला उभी चीर पडल्याची खूण असू शकते आणि तेव्हा पुन्हा रूट कॅनाल करून पैसे वायाच जातात.

दोन एक्स-रेंची तुलना करतानाही जपावं लागतं. फिल्म थोडी तिरपी धरली तरी डाग लहान किंवा मोठा दिसतो. बाईंचे सगळे एक्स-रे एकाच होल्डरने, एकाच कोनात काढलेले होते आणि त्यांच्या प्रती त्यांनी मागून फोनमध्ये ठेवल्या होत्या. दुसरं मत घेतलं तिथला एक्स-रे वेगळ्या कोनातला होता, त्यामुळे तो या चित्रांशी ताडून पाहताच येत नव्हता.

वर्षाने त्याच होल्डरमध्ये एक्स-रे निघाला. डाग २ मिलिमीटरवर आला होता आणि त्याच्या कडेने हाडाची बारीक जाळी दिसत होती. तोवरचा हिशेब: उपचार १४,४००, पाच खेपांची रिक्षा १,०००, दोन तपासण्या १,४००, दुसरं मत ७००. एकूण १७,५००. पुढचा एक्स-रे आणखी वर्षाने, त्याचे ७००. तोवर बाजूला ठेवलेले वीस हजार तसेच ठेवायचे.